पहाटेच्या शेती कार्यक्रमाला नाव कोणतं? 'पहाटेचं शिवार', 'वाफसा', 'तांबडं फुटलं' की 'झुंजूमुंजू'

शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाचं नाव बहुतेक वेळा दुपारी, पंख्याखाली, कागदावर ठरतं. कागदावर सगळीच नावं चांगली दिसतात. ऐकणारा मात्र पहाटे पावणेसहाला गोठ्यात असतो. रेडिओ किंवा मोबाइल खुंटीला टांगलेला नाहीतर कोनाड्यात ठेवलेला, हात दुधाने ओले, पलीकडे कडबाकुट्टी सुरू आणि वासरू दाव्याला हिसके देतंय. आवाज वाढवायला कुणी उठत नाही. नाव अर्ध्या कानावर पडतं, आणि तासाभराने डेअरीवर किटली रिकामी करताना शेजारच्याला सांगायची वेळ येते: "सकाळी ते लागतं की रेडिओवर, ते..." त्या 'ते'च्या पुढे नाव जिभेवर आलं तर कार्यक्रमाला एक श्रोता मिळाला. नाही आलं तर बोलणं फॅट आणि दरावर जातं.

सामुदायिक रेडिओला हे जास्तच लागू पडतं. 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना असे रेडिओ चालवता येऊ लागले, पण ताकद मुळात बेताची ठेवली: प्रक्षेपणाची शक्ती साधारण 100 वॅट, अँटेनाची उंची जास्तीत जास्त 30 मीटर. म्हणजे पंचक्रोशीच्या आसपासचा टापू. केंद्राजवळच्या गावात आवाज स्वच्छ, कडेच्या गावात खरखर. होर्डिंगला पैसे नाहीत, पेपरात जाहिरात नाही. नाव पसरणार ते तोंडातोंडीच. त्यामुळे नाव निवडताना मी दोनच प्रश्न महत्त्वाचे धरतो. खरखरीतून आणि गोठ्याच्या गलक्यातून नाव नीट कानावर पडतं का? आणि दुसऱ्या दिवशी, कुणी आठवण न देता, ते तोंडात येतं का? अर्थ, शोभा, लोगो हे त्यानंतर.

तुलनेसाठी एक केंद्र धरू. सातारा-सोलापूरच्या सीमेवरचा कोरडवाहू पट्टा: ज्वारी, मका, थोडं डाळिंब आणि घरटी दोन-चार जर्सी गाई. कार्यक्रम रोज पावणेसहा ते सव्वासहा. हवामानाचा अंदाज, त्या आठवड्यातली कीड-रोगाची माहिती, बाजार समितीचे आदल्या दिवशीचे भाव आणि शेवटी परिसरातल्या एखाद्या शेतकरी बाईचा किंवा बाप्याचा अनुभव. समितीच्या बैठकीतून चार नावं उरलीत: 'पहाटेचं शिवार', 'वाफसा', 'तांबडं फुटलं' आणि 'झुंजूमुंजू'.

आधीच गळालेली नावं

'कृषी'ने सुरू होणारी आणि 'वाणी'वर संपणारी नावं यादीत का नाहीत, ते थोडक्यात. दूरदर्शनचं 'कृषी दर्शन' 1967 पासून आहे, आकाशवाणीची 'किसानवाणी' 2004 पासून. गावात सहायक कृषी अधिकारी आहे, कृषी सेवा केंद्र आहे, कृषी विज्ञान केंद्राची गाडी येते. या गर्दीत 'कृषी' अमुक किंवा अमुक 'वाणी' असं नाव टाकलं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर जमा होतं. श्रोता सांगतो, "ते कृषीचं काहीतरी असतं." शिवाय बोलताना 'कृषी' हा शब्द कुणी सहज वापरत नाही. माणूस शेती करतो, शेतात जातो, रान नांगरतो.

'राम राम' जोडलेलं नावही समितीत आलं होतं. ऐकायला ते उत्तम, दोन मोकळे 'आ', पाठ करायची गरजच नाही. पण त्याच पट्ट्यात कुणी 'जय भीम' म्हणतं, कुणी 'सलाम', माळकरी 'रामकृष्ण हरी' म्हणतात. निवेदकाने ज्याला त्याला त्याचा नमस्कार घालावा, त्यात गोडी आहे. पण एकाच्या नमस्काराला कार्यक्रमाचं नाव केलं की बाकीच्यांना पाहुणं वाटतं. (आणि 'राम म्हटला' याचा गावात दुसराच अर्थ होतो, ते वेगळंच.)

'धारेची वेळ' हे नाव मला मनापासून आवडलं होतं. रिकाम्या बादलीत पडणारी पहिली धार खणखण वाजते, मग फेस धरला की आवाज मऊ होत जातो. कार्यक्रमाच्या सुरुवातीला तो आवाज वापरला तर कुणालाही वेळ सांगावी लागणार नाही. पण धार दोनदा काढतात. संध्याकाळी साडेपाचला रेडिओ लावून "लागलं नाही की आज" म्हणणारे निघणार. आवाज ठेवा, नाव नको.

'पहाटेचं शिवार'

बैठकीत सगळ्यात जास्त हात या नावाला वर जातात, कारण त्यात वेळही आहे आणि शेतही. 'पहाट' हा शब्द वर्षभर खरा ठरतो, हाही त्याचा मोठा गुण. याकडे पुढे यायचं आहे.

अडचण 'शिवार'मध्ये आहे. एफएमचा सिग्नल कमी पडला की जी खरखर येते ती 'स', 'श', 'फ' या अक्षरांच्या आवाजाशी मिळतीजुळती असते, म्हणून हीच अक्षरं पहिल्यांदा बुडतात. 'शिवार'मधला 'शि' बुडाला की उरतं '...वार', आणि मराठी कान 'वार'च्या आधी एखादा दिवस शोधतो. 'पहाटेचं शनिवार' व्याकरणात बसत नाही, पण अर्ध्या कानाने ऐकणारा व्याकरण तपासत बसत नाही. "फक्त शनिवारी असतं का?" हा प्रश्न मी कडेच्या गावात ऐकलेला आहे. रोजच्या कार्यक्रमाला यापेक्षा वाईट गैरसमज कुठला?

दुसरी अडचण सरकारी वासाची. 'जलयुक्त शिवार' घराघरात पोचलेलं आहे, विद्यापीठांच्या 'शिवार फेऱ्या' असतात. 'शिवार' ऐकलं की नाला खोलीकरण, फलक आणि साहेबांची गाडी आठवते. मूळचा शब्द सुंदर आहे, पण तो योजनेच्या फायलीत फार फिरलाय.

तिसरी अडचण अशी की हे नाव तोंडात पूर्ण राहणार नाही. पाच-सहा अक्षरांच्या वरचं नाव लोक कापतात, आणि कापल्यावर काय उरतं ते आधीच बघून ठेवावं लागतं. इथे उरेल नुसतं 'पहाट' किंवा नुसतं 'शिवार'. नुसतं 'पहाट' म्हटलं की भक्तिगीतांचा कार्यक्रम वाटतो, दिवाळीत तर गावोगावी 'पहाट' असतेच. नुसतं 'शिवार' म्हटलं की वर सांगितलेलं सगळं. दोन्ही तुकड्यांत तुमचं असं काही राहत नाही.

'वाफसा'

अर्थाच्या बाजूने या यादीतलं सगळ्यात श्रीमंत नाव. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलही नाही आणि कोरडी ठणठणीतही नाही, अशी येते त्याला वाफसा म्हणतात. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. पडल्यावर भुरभुरीत फुटला की पेरायला हरकत नाही, चिकटून चपटा झाला की अजून थांबायचं. शेतीतला बहुतेक सल्ला 'कधी' या प्रश्नाचाच असतो आणि हा शब्द नेमकं तेच सांगतो. शेती न करणाऱ्याला तो कळणार नाही, पण कार्यक्रम त्याच्यासाठी नाहीच.

पण कानाच्या परीक्षेत तो पहिल्याच पायरीवर अडखळतो. तीन अक्षरांतली दोन, 'फ' आणि 'स', खरखरीत बुडणारी. कडेच्या गावात ऐकू येईल 'वा...आ'. स्वच्छ ऐकू आला तरी लोक 'वापसा' म्हणतात, लिहितातही तसंच, आणि ज्याच्या कानात हिंदी आहे त्याला 'वापस' ऐकू येतं. शब्द लहान आहे, हा इथे गुण ठरत नाही. लांब नावातलं एखादं अक्षर गेलं तर बाकीच्यावरून माणूस अंदाज बांधतो; तीन अक्षरांतली दोन गेली तर अंदाजाला काहीच उरत नाही.

वेळेचीही काही खूण त्यात नाही. आणि सलग दोन महिने पाऊस नसताना रोज पहाटे 'वाफसा' असं कानावर आदळत राहिलं तर ते बोचेल. या पट्ट्यात तशी वर्षं कमी येत नाहीत. माझ्या मते हे नाव कार्यक्रमातल्या सदराला द्यावं: जून ते ऑक्टोबर, पेरणी आणि मशागतीच्या सल्ल्याची पाच मिनिटं. तिथे निवेदक ते सावकाश, वाक्यात गुंफून म्हणू शकतो आणि अर्थ पूर्ण वसूल होतो.

'तांबडं फुटलं'

खरी चुरस या आणि पुढच्या नावात आहे.

गोठ्यातल्या गलक्यात 'तांबडं फुटलं' बाकी तिघांना मागे टाकतं. 'तां'चा मोठा उघडा स्वर, मग 'ब', 'ड', 'ट' अशी ठोकून येणारी अक्षरं. 'फु' बुडाला तरी '...टलं' उरतं आणि 'तांबडं' तर जातच नाही. मोबाइलच्या छोट्या स्पीकरलाही ते मानवतं, कारण 'आ' हा स्वर तिथे चांगला उठतो. कडबाकुट्टी चालू असतानाही दोन ठोके कानावर येतात: तांबडं, फुटलं.

स्मरणाला म्हणीचा आधार आहे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे ज्याला माहीत नाही असा मराठी शेतकरी दाखवा. नाव नवं असलं तरी शब्दांची जोडी डोक्यात आधीच बसलेली आहे. दूरदर्शनचं 'आमची माती आमची माणसं' लोकांच्या तोंडात राहिलं त्यामागे 'आमची'चा दोनदा येणारा ठेका आणि 'मा-मा' आहे. इथे तो ठेका 'कोंबडं-तांबडं'मधून उसना मिळतो. निवेदकाने कोंबडा आरवल्याचा आवाज लावून एक क्षण थांबायचं, ऐकणाराच मनातल्या मनात पुढचं पूर्ण करतो. शिवाय हे आख्खं वाक्य आहे, त्याला क्रियापद आहे. "तांबडं फुटलं ऐकलं का आज?" असं बोलण्यात चपखल बसतं. कापलं तर 'तांबडं' उरतं, तेही वेगळं आणि ओळखू येणारं.

मग खोट कुठे? घड्याळात. या पट्ट्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या पाच-दहा मिनिटं आधी उगवतो. म्हणजे पावणेसहाला कार्यक्रम सुरू होतो तेव्हा तांबडं फुटून दिवस वर यायला आलेला असतो. जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सातनंतर. पावणेसहाला बाहेर मिट्ट काळोख आणि तांबडं फुटायला पाऊण तासाहून जास्त अवकाश. नाव भूतकाळात आहे: 'फुटलं'. रात्रपाळीची लाइट म्हणून ज्वारीला पाणी देऊन, पायाला चिखल आणि अंगावर घोंगडी घेऊन जो माणूस अंधारात घरी येतो, तो रेडिओला म्हणणार, "कुठं फुटलंय रं?" पहिल्या हिवाळ्यात ही थट्टा होणार हे नक्की. थट्टेने नाव लक्षात राहतं असंही कुणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटं नाही. पण जो कार्यक्रम हवामान सांगतो त्याच्या नावातच रोज चूक असावी, हे मला खटकतं.

हिवाळ्यात वेळ पुढे ढकलावी का? ढकलू नये. रेडिओची सवय घड्याळाला नाही तर कामाला बांधलेली असते, आणि धार काढायची वेळ ऋतूप्रमाणे फारशी सरकत नाही, कारण डेअरीचं संकलन ठरलेल्या वेळी बंद होतं. तुमचा कार्यक्रम साडेसहाचा असेल तर हिशेब बदलतो: हिवाळ्यात नाव जवळपास खरं ठरतं आणि उन्हाळ्यात कुणी तक्रार करत नाही.

'झुंजूमुंजू'

या नावाचा कच्चा दुवा आधी सांगतो. त्यात 'उ' फार आहेत. 'उ-ऊ' या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो आणि स्वस्त मोबाइलचा स्पीकर तिथे दुबळा असतो. 'तांबडं' जिथे टणकन वाजतं तिथे 'झुंजूमुंजू' गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. शेजारी दूध काढायच्या मशिनची मोटर असेल तर तिची घरघरही त्याच खालच्या पट्टीतली, मग आणखी पंचाईत. पहिल्यांदा ऐकणारा "काय म्हणाला?" विचारण्याची शक्यता इथे जास्त आहे.

पण खरखरीत ते टिकतं, कारण त्यात 'स', 'श', 'फ' नाहीत. आणि त्याची बांधणीच अशी आहे की एक बाजू ऐकू आली तरी दुसरी आपोआप जुळते. '...मुंजू' कानावर पडलं की आधी काय होतं हे सांगायला लागत नाही, कारण मराठीत 'मुंजू'च्या आधी दुसरं काही येतच नाही.

दुसऱ्या दिवसाच्या आठवणीत याला तोड नाही. यमक, चार अक्षरांचा झोका, तोंडात घोळवावासा वाटणारा शब्द. लहान पोरं तो खेळ म्हणून म्हणतात, आणि घरातल्या पोराने दिवसभर एखादं नाव बडबडलं तर घरातल्या मोठ्यांची ते विसरायची बिशाद नाही. तो कापता येत नाही, म्हणून जसा दिला तसाच राहतो. 'झुंजूमुंजू' नावाचं गावात दुकान नाही, योजना नाही, पतसंस्था नाही. ज्याने हे नाव उच्चारलं त्याला तुमचाच कार्यक्रम म्हणायचा आहे.

घड्याळातही ते 'तांबडं'पेक्षा सैल बसतं. झुंजूमुंजू म्हणजे अजून नीट दिसत नाही पण रात्र सरलेली आहे, अशी वेळ. बोलण्यात लोक तो 'लई लवकर' अशा अर्थानेही वापरतात: "झुंजूमुंजूलाच निघालो आम्ही." जानेवारीत तंतोतंत खरं नसलं तरी कुणी रेडिओशी भांडणार नाही.

उच्चाराची एक अट आहे. 'झ' आणि 'ज' दोन्ही दंत्य, 'झाड' आणि 'जू'मधले. शहरातून आलेल्या किंवा हिंदी निवेदनाची सवय असलेल्या आवाजाने ते 'झेंडा' आणि 'जेवण'मधल्यासारखे म्हटले की गोठ्यातली आजी लगेच ओळखते की हा आपल्यातला नाही. निवेदकाची निवड करताना त्याच्याकडून हे नाव म्हणवून घ्या.

भौगोलिक मर्यादाही आहे. पश्चिम महाराष्ट्रात शब्द घरचा आहे. मराठवाडा-विदर्भाकडे 'झुंजुरकं', 'झुंझुरकाच' अशी रूपं कानावर येतात. तिकडचं केंद्र असेल तर तिकडचं रूप घ्या, पुस्तकातलं नको. कोकणात किंवा गोव्यात हे नाव लादायचं कारणच नाही, तिथल्या बोलीत पहाटेला स्वतःचे शब्द आहेत.

लिहिण्याचा त्रास मात्र आहे. कार्यक्रमाची रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकलीत तर शोधणारा zunzumunzu टाइप करेल, jhunjumunju करेल, zunju munju सुद्धा करेल. देवनागरीतही ऱ्हस्व-दीर्घाचे चार प्रकार. वर्णनात ही सगळी रूपं टाकून ठेवा. मुळात कार्यक्रम कानाचा आहे, म्हणून मी याचे गुण फारसे कापत नाही.

गोठ्यातली परीक्षा

वरचं सगळं माझं मत. तुमच्या गावचा कान वेगळा असू शकतो, म्हणून परीक्षा घ्यावी, आणि ती आवडीची नसावी. "कोणतं नाव आवडलं?" विचारलं की लोक शोभिवंत नाव सांगतात, नाहीतर सरपंच सांगतील ते.

एकाच निवेदकाकडून, एकाच आवाजात, प्रत्येक नाव एका पूर्ण वाक्यात रेकॉर्ड करून घ्या: "पावणेसहा वाजले. नव्वद पॉइंट चारवर ऐकूया झुंजूमुंजू." केंद्र सुरू असेल तर हे खरोखर प्रक्षेपित करून कडेच्या गावात जाऊन ऐका. नसेल तर साध्या मोबाइलवरून वाजवा. एफएमला इअरफोनची वायरच अँटेना म्हणून लागते असे फोन अजून बरेच आहेत. वायर लोंबकळत ठेवून स्पीकरवर ऐकणं, ही गोठ्यातली खरी अवस्था आहे, तीच ठेवा. कडबाकुट्टी किंवा मशिन सुरू असताना, ऐकणाऱ्यापासून पाच-सहा पावलांवर, एकदाच वाजवायचं. मग विचारायचं: "काय ऐकू आलं?" जे बोलतील ते अक्षरशः लिहायचं, दुरुस्त करायचं नाही. 'शनिवार' म्हटलं तर 'शनिवार' लिहा.

चारही नावं प्रत्येकाला ऐकवत असाल तर क्रम दर वेळी बदला, नाहीतर पहिलं आणि शेवटचं उगाचच जिंकतं. वीस-पंचवीस माणसं पुरतात, पण त्यात निम्म्या बाया हव्यात; पहाटेचा गोठा बहुतेक घरी त्यांच्याकडेच असतो आणि बैठकीत त्यांना कुणी विचारलेलं नसतं. ज्यांना कमी ऐकू येतं असे दोन-तीन म्हातारेही मुद्दाम घ्या.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर त्यांनाच गाठा. नावांची यादी दाखवायची नाही, नुसतं विचारायचं: "काल रेडिओचं काय नाव ऐकलं होतं?" यादी दाखवल्यावर ओळखणं सोपं असतं, पण डेअरीवर शेजाऱ्याला सांगताना कुणाच्या हातात यादी नसते. जमलं तर त्यालाच सांगा की शेजारच्याला हे नाव सांग, आणि शेजारी ते तिसऱ्याला काय सांगतो ते ऐका. पोरांच्या कानगोष्टीच म्हणा. तिसऱ्या तोंडी नाव ओळखू येण्याइतकं उरलं पाहिजे.

अशा परीक्षेत पहिल्या दिवशी 'तांबडं फुटलं' पुढे आणि दुसऱ्या दिवशी 'झुंजूमुंजू' पुढे, असा निकाल येण्याची शक्यता खूप आहे. तेव्हा वजन कोणत्या दिवसाला द्यायचं, हाच निर्णय उरतो.

मी कोणतं घेईन

पावणेसहाच्या रोजच्या कार्यक्रमाला, या पट्ट्यात, 'झुंजूमुंजू'. पहिल्यांदा नीट ऐकू न येणं हा दोष केंद्राच्या हातात आहे: नाव सुरुवातीला दोनदा म्हणता येतं, मध्ये हवामानाच्या आधी एकदा, शेवटी पुन्हा एकदा, आणि त्याच्या आधी बादलीतल्या धारेचा तो आवाज लावून कान तयार करता येतो. निवेदिकेचा आवाज किंचित उंच पट्टीतला असेल तर 'उ'चा दुबळेपणाही बराच भरून निघतो. डेअरीवर नाव न आठवणं मात्र केंद्राच्या हातात नाही. तिथे तुम्ही नसता.

दोन परिस्थितींत मी मत बदलेन. कार्यक्रम साडेसहाचा असेल तर 'तांबडं फुटलं'. किंवा तुमच्या श्रोत्यांपैकी बरेच जण कडेच्या, डोंगराआडच्या गावांत असतील आणि घरोघरी दूध काढायची मशिन असतील, तरीही 'तांबडं फुटलं'. तिथे पहिलाच अडथळा इतका मोठा आहे की आठवणीपर्यंत गोष्ट पोचतच नाही. 'पहाटेचं शिवार' मी कुठल्याच परिस्थितीत घेणार नाही. 'वाफसा' सदराला.

एक पर्याय समितीत हमखास निघेल: तडजोड म्हणून 'झुंजूमुंजू शिवार' किंवा गावाचं नाव जोडून काहीतरी. 'शिवार' जोडलं की वरचा सगळा त्रास परत येतो. गावाचं नाव जोडलं की बाकीची गावं म्हणतात ते त्यांचं. जागा सांगायचीच असेल तर ती केंद्राच्या नावात असावी, आणि नदी किंवा मुलखाच्या नावाने: म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीने आणि जत तालुक्यातल्या येरळावाणीने तेच केलंय. नदी कुठल्या एका गावची नसते. कार्यक्रमाचं नाव मग मोकळं राहतं.

नावाबरोबर येणारं वाक्यही त्याच बैठकीत ठरवून टाका, कारण श्रोत्याला लावायचा असतो आकडा. नाव आणि आकडा एका दमात यायला हवेत आणि आकडा शेवटी, म्हणजे तोच कानात उरतो: "रोज पहाटे पावणेसहाला झुंजूमुंजू, नव्वद पॉइंट चार." शेजारच्या तालुक्यात नव्वद पॉइंट आठवर दुसरं सामुदायिक केंद्र असेल तर 'चार' जरा ताणून म्हणा. आणि एकदा ठरलं की वर्षभर हे वाक्य बदलू नका. निवेदक सुट्टीवर गेला, बदली निवेदकाने हौसेने "सुप्रभात मित्रहो" सुरू केलं, की पुन्हा डेअरीवर "ते... सकाळचं काहीतरी असतं" सुरू होतं.